वॉर्डात उलटी-जुलाबाच्या केसेस: लाइन लिस्टचा साचा कुणाकडे आहे का?

निशिगंध_बडोदे (शुक्रवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. नाव लिहीत नाही, विचारू पण नका.

आमच्या बायकांच्या मेडिकल वॉर्डात सोमवार रात्रीपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. ३० खाटा, भरलेल्या २६. काल गुरुवारपर्यंत वॉर्डाच्या रजिस्टरमधून मी १० नावं उतरवली. स्तंभ असे केलेत: नाव, वय, खाट, तारीख, वेळ, उलटी, जुलाब, ताप, औषध, शेरा. मेट्रन म्हणतात, "एवढ्यावर काय कळणार, नीट लाइन लिस्ट करा, जिल्ह्याला पण पाठवावी लागेल." नेटवर साचे सापडले, पण ते सगळे गावातल्या साथीचे. त्यात विहीर, हातपंप, घर क्रमांक. माझ्याकडे विहीर नाही, खाटा आहेत.

सगळ्यांचा संशय सोमवारच्या दुपारच्या छासवर आहे. दीड वाजायच्या आत कॅन रिकामा झाला होता. १० पैकी ५ जणींची वेळ मंगळवार सकाळी ८ अशी आहे, म्हणजे जेवणानंतर बरोबर एका रात्रीने. स्वयंपाकघरवाल्यांना आधीच झापून झालंय.

कुणाकडे वॉर्डासाठी वापरलेला साचा असेल तर द्या.

---

सुई_धागा (शुक्रवार, रात्री १०:०५)

ताई, आमच्याकडे लाइनचा चार्ट आहे. घातल्याची तारीख, कुठल्या हाताला, रोज जागा बघितली का, ड्रेसिंग कधी बदललं, काढली कधी. सेंट्रल लाइनचा वेगळा आहे. फोटो टाकू?

---

निशिगंध_बडोदे (शुक्रवार, रात्री १०:११)

अहो, ती सलाइनची लाइन नाही. रुग्णांची यादी, एका ओळीत एक रुग्ण, म्हणून लाइन लिस्ट. 😀 तरी धन्यवाद, तुमचा चार्टही कधीतरी लागेलच.

---

लॅबवाला_इंदूर (शुक्रवार, रात्री १०:३०)

छासच आहे. सोमवारी साडेबाराला प्यायल्या, मंगळवारी आठला उलट्या, म्हणजे साडेएकोणीस तास. साल्मोनेलाला साधारण १२ ते ३६ तास लागतात, चपखल बसतं. आणि छास कुणी उकळत नाही. १० जणींपैकी किती प्यायल्या होत्या?

---

निशिगंध_बडोदे (शुक्रवार, रात्री १०:३४)

१० पैकी ७.

---

लॅबवाला_इंदूर (शुक्रवार, रात्री १०:३६)

झालं की मग. सत्तर टक्के. स्टूल कल्चर पाठवा, वाढेलच.

---

पीएसएम_काका (शुक्रवार, रात्री ११:२०)

सिस्टर, साच्याच्या आधी एक विचारतो. पाच बायकांना मंगळवारी बरोबर आठ वाजताच कशी उलटी झाली? तुमच्या ड्यूट्या कशा आहेत? ८ ते २, २ ते ८ आणि रात्रीची ८ ते ८?

---

निशिगंध_बडोदे (शुक्रवार, रात्री ११:२६)

हो, तशाच.

...अरे देवा. रजिस्टरमधल्या दहाही वेळा ८, २ आणि ८ याच आहेत.

---

पीएसएम_काका (शुक्रवार, रात्री ११:५२)

तेच. ही वेळ उलटीची नाही, ओव्हर देण्याची आहे. रात्री अकराला झालेलं, एकला झालेलं, पहाटे चारला झालेलं, सगळं सकाळी आठच्या ओव्हरमध्ये "रात्री व्हॉमिटिंग झालं" म्हणून एकत्र पडतं आणि कागदावर एक सुळका उभा राहतो. असा सुळका दिसला की जो तो जेवणाकडे बोट दाखवतो, कारण एकाच ताटातून सगळे आजारी पडले तर आलेख असाच दिसतो. तुमच्या स्वयंपाक्याने ड्यूटी बदलण्याच्या वेळेचा मार खाल्ला.

त्यामुळे पहिला बदल हा: "वेळ" या एका स्तंभाचे तीन करा. सुरुवातीची तारीख आणि वेळ, ती किती पक्की (पक्की / अंदाजे / माहीत नाही), आणि ती कुठून कळली. तिसरा सगळे टाळतात. पण उद्या दोन ओळी एकमेकींशी भांडायला लागल्या की कुणाचं ऐकायचं ते त्यावरूनच ठरतं.

खरी वेळ शोधायची कशी? औषधांचा कागद काढा. उलटी झाली की कुणीतरी ओंडान्सेट्रॉन दिलेलं असतं आणि स्टॅट डोसची वेळ बहुधा खरी लिहिलेली असते, कारण तिथे सही लागते. चादर बदलल्याची नोंद असेल तर ती. मग रुग्णाला किंवा सोबतच्या माणसाला विचारा, पण "किती वाजता?" असं विचारू नका, उगाच आकडा सांगतील. "रात्रीची गोळी घेतल्यावर की आधी? दिवे बंद झाले होते का? पहाटेचा चहा आला होता?" असं विचारा.

आणि सुरुवात म्हणजे पहिलं लक्षण. डॉक्टरांनी पाहिलं ती वेळ नव्हे, सॅम्पल घेतला ती तर नव्हेच.

---

लॅबवाला_इंदूर (शनिवार, सकाळी ७:१५)

काका, वेळ थोडी मागेपुढे झाली तरी ७ जणींनी छास प्यायली होती हे कसं बदलणार?

---

पीएसएम_काका (शनिवार, सकाळी ८:०२)

बदलणार नाही. पण ज्या आजारी पडल्या नाहीत त्यांच्यातल्या कितीजणी प्यायल्या? बडोद्यात दुपारच्या जेवणाला छास म्हणजे पाण्यासारखी. वॉर्डात सगळ्याच पीत असतील तर आजारी पडलेल्यांतही बहुतेक प्यायलेल्याच निघणार. त्या सत्तर टक्क्यांना शेजारी दुसरा आकडा मिळेपर्यंत काही अर्थ नाही.

लाइन लिस्टची ही मर्यादाच आहे, तिच्यात फक्त आजारी माणसं असतात. म्हणून सिस्टर, त्याच फाइलमध्ये दुसरं पान करा. सोमवारी दुपारी वॉर्डात असलेली प्रत्येक बाई, आजारी असो नसो. स्तंभ चारच: आयपी नंबर, खाट, छास मिळाली का, आजारी पडली का. छासचं मात्र रुग्णाला विचारू नका, पाच दिवसांनी कुणाला आठवत नाही, आणि जिला उलटी झाली तिला छास नक्की आठवते. डाएटचा कागद काढा. डायलिसिसवाल्या, पाणी मोजून देतात त्या, नळीने फीड असलेल्या यांना छास गेलीच नसेल.

---

ग्वाल्हेरची_माहेरवाशीण (शनिवार, सकाळी ९:४०)

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. गेल्या वर्षी माझ्या आईला इथे ग्वाल्हेरात फ्रॅक्चरसाठी ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या आजींना उलट्या झाल्या आणि दोन दिवसांनी आईला. त्याच दिवशी मलाही. मी रात्री आईच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपत होते, तिच्याच ताटलीत जेवत होते. आईची विचारपूस झाली, रक्त घेतलं. मला कुणीही काही विचारलं नाही. मी घरी जाऊन दोन दिवस पडून होते, मग मुलाला झालं. तुमच्या त्या यादीत सोबतच्या माणसांसाठी जागा असते का?

---

पीएसएम_काका (शनिवार, सकाळी १०:१०)

असायला हवी. "कोण" असा स्तंभ टाका: रुग्ण, कर्मचारी, सोबतचा माणूस. सिस्टर, आयाबेन, सफाईवाले, ट्रॉली ओढणारे, फिजिओ सगळे विचारून घ्या. बाई, तुम्ही सांगितलेली गोष्ट बहुतेक याद्यांतून गळते. धन्यवाद.

---

निशिगंध_बडोदे (शनिवार, रात्री ११:१५)

दिवसभर वॉर्डात बसून सगळं पुन्हा काढलं. बऱ्याच गोष्टी हलल्या.

दोन नावं गळली. खाट २४ ला लिव्हरच्या आजारासाठी लॅक्ट्युलोज चालू आहे. दिवसातून तीनदा पातळ व्हावी म्हणूनच देतात. खाट २८ ची मंगळवारी कोलोनोस्कोपी होती, पोट साफ करायचं औषध घेतलं होतं. दोघींच्या नावापुढे कुणीतरी गुजरातीत "झाडा" लिहिलं आणि मी तसंच उचललं. दोघींचीही वेळ मंगळवार सकाळी आठ होती! म्हणजे त्या पाचांतल्या दोन तर आजारीच नव्हत्या.

उरल्या ८. आता खऱ्या वेळा:

खाट ७, सोमवार संध्याकाळी ७. खाट ५, सोमवार रात्री ११. खाट १४, मंगळवार रात्री १. खाट ८, मंगळवार पहाटे ४. मग मंगळवारचा पूर्ण दिवस कुणीच नाही. बुधवारी सकाळी १० ला खाट १५, दुपारी ३ ला खाट १३. गुरुवारी पहाटे ५ ला खाट २१ आणि ११ ला खाट १६.

शिवाय तीन नवीन ओळी. आमच्या एका आयाबेनना सोमवारी रात्री ९ ला घरी उलट्या. एका स्टाफ नर्सला बुधवारी संध्याकाळी ६ ला. आणि खाट ५ ची मुलगी, जी रात्री सोबत झोपते, तिला बुधवारी सकाळी ६ ला. (ग्वाल्हेरच्या ताई, तुमच्यामुळे विचारलं.)

आता दोन प्रश्न. एक, ५, ७, ८ शेजारी शेजारी आहेत, पण १४ खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोन, एक्सेलमध्ये आलेख काढला तर केसेस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पसरल्यात. मी रडायच्या बेतात आहे.

---

एक्सेल_मास्तर (शनिवार, रात्री ११:४०)

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तुमचा संगणक अमेरिकी तारखेवर आहे. तुम्ही 06/10 टाइप केलं म्हणजे ६ ऑक्टोबर, तो समजला १० जून. 07/10 म्हणजे १० जुलै. ९ तारीख झाली १० सप्टेंबर. तुमच्या वॉर्डात चार महिने उलट्या चालल्यात. 😂

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) करा आणि सगळ्या तारखा परत टाइप करा. नुसता फॉरमॅट बदलून भागत नाही, आतला आकडाच चुकलाय. तारीख आणि वेळ एकाच रकान्यात `yyyy-mm-dd hh:mm` अशा रूपात ठेवा, महिना अन् दिवस उलटे व्हायचा प्रश्नच राहत नाही. आलेखासाठी सहा-सहा तासांचे गट पाडायला, सुरुवातीची वेळ H मध्ये असेल तर:

```
=FLOOR(H2,0.25)
=ISNUMBER(H2)
```

पहिलं सूत्र सहा तासांच्या गटाची सुरुवात देतं. दुसरं नुसतं तपासायला. तिथे FALSE आलं तर ती तारीख नाही, तारखेसारखा दिसणारा मजकूर आहे आणि मोजणीतून गुपचूप वगळली जाईल.

आणि रिकामा रकाना ठेवू नका. ताप नव्हता तर "नाही", विचारलंच नाही तर "माहीत नाही". रिकाम्या रकान्याचा अर्थ दोन आठवड्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

---

पीएसएम_काका (रविवार, सकाळी ७:३०)

पहिल्याचं उत्तर खाटेच्या स्तंभात आहे. तुम्ही आजची खाट लिहिली आहे. वॉर्डात माणसं सरकतात. ऑक्सिजनचा पॉइंट हवा, खिडकीजवळ गरम होतं, नवीन पेशंटला नर्सिंग स्टेशनजवळ ठेवायचंय. आजची खाट म्हणजे ती आता कुठे आहे एवढंच. हवं आहे ते आजारी पडण्याआधीच्या दोन दिवसांत कुठे होती ते. खाट १४ वाली रविवारी कुठे होती?

आणि दुसरं, रविवारी वॉर्डात कुणी उलटी केली होती का? रजिस्टरात नसलेली?

---

निशिगंध_बडोदे (रविवार, दुपारी १२:५०)

काका, तुम्ही काय ज्योतिष बघता का.

खाट १४ वाली रविवारी खाट ९ वर होती. सोमवारी सकाळी हलवली, पंखा बंद पडला म्हणून.

आणि खाट ६. साठीच्या बाई, मधुमेह, "अशक्तपणा, चक्कर" म्हणून रविवारी सकाळी १० ला दाखल. घरी शनिवारी रात्रीपासून उलट्या होत्या. रविवारी दुपारी साडेबाराला टॉयलेटकडे जाताना वाटेतच उलटी झाली, जमिनीवर, ५ ते ९ च्या मधल्या पॅसेजमध्ये. पुसलं त्याच आयाबेननी. फिनाइलने, मॉपने, हातमोजे होते पण मास्क नव्हता. या बाईंचं नाव माझ्या यादीत नव्हतं, कारण सिस्टर म्हणाल्या "ती तर उलटी घेऊनच आली होती, आपल्या वॉर्डाची नाही."

---

पीएसएम_काका (रविवार, दुपारी २:१५)

ज्योतिष कसलं, यादीतून सगळ्यात आधी हीच ओळ गळते. "आपल्या वॉर्डात लागण झालेल्या किती" हे मोजताना तिला बाजूला ठेवायचं, यादीतून काढायचं नाही. वेगळा स्तंभ ठेवा: सुरुवात दाखल होण्याच्या आधी की नंतर.

आता तिच्या उलटीपासून तास मोजा. खाट ७ ला साडेतीस. आयाबेनना साडेबत्तीस. खाट ५ ला साडेचौतीस. तेव्हा ९ वर असलेल्या १४ ला साडेछत्तीस. खाट ८ ला साडेएकोणचाळीस. पाचही जणी तीस ते चाळीस तासांत. इतकं नीट सहसा येत नाही, त्यामुळे फार भाळू नका. पण नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात आणि उलटीचे सूक्ष्म थेंब जवळच्यांपर्यंत पोचतात, ते इथे बसतं. मग एक दिवस शांत आणि बुधवारी दुसरी लाट. १४ च्या शेजारच्या १३ आणि १५, आणि ५ ची मुलगी. सगळ्या आपापल्या शेजारणीनंतर तीस ते चाळीस तासांनी. जेवणातून आलेलं असं खाटेखाटेने चालत जात नाही. छास प्यायच्या आधीच आजारी असलेली बाई तर छासने आजारी पडू शकतच नाही.

दुसऱ्या पानाचं काय झालं?

---

निशिगंध_बडोदे (रविवार, दुपारी ३:०५)

खाट ६ सोडून सोमवारी दुपारी २५ जणी होत्या. डाएटच्या कागदाप्रमाणे १९ जणींना छास गेली, त्यातल्या ६ आजारी. ६ जणींना गेली नाही, त्यातल्या २ आजारी.

---

लॅबवाला_इंदूर (रविवार, दुपारी ३:३०)

१९ मध्ये ६ म्हणजे बत्तीस टक्के, ६ मध्ये २ म्हणजे तेहेतीस. बरं. छासला माफी. पण सहाच जणी होत्या, त्यातली एक इकडची तिकडे झाली तर टक्का केवढा बदलतो. छास नाही हे सिद्ध झालं असं नाही म्हणणार मी.

---

पीएसएम_काका (रविवार, दुपारी ३:४८)

बरोबर, सिद्ध नाही झालं. एवढ्या आकड्यांवर होणारही नाही. छासचा कॅन तर धुऊनही टाकला असेल. म्हणूनच मी आधी वेळा आणि खाटा बघतो.

---

लॅबवाला_इंदूर (रविवार, दुपारी ४:०५)

सॅम्पलचं मात्र माझं ऐका. स्टूल कशात पाठवलं?

---

निशिगंध_बडोदे (रविवार, दुपारी ४:१०)

६ जणींचं, सगळं कॅरी-ब्लेअरमध्ये. कल्चरमध्ये साल्मोनेला, शिगेला, व्हिब्रिओ नाही असा रिपोर्ट आलाय.

---

लॅबवाला_इंदूर (रविवार, दुपारी ४:२०)

तिथेच चुकलं. कॅरी-ब्लेअर जिवाणूंसाठी. विषाणूच्या पीसीआरला कोरड्या, स्वच्छ डबीत नुसतं स्टूल लागतं, काही न घालता, ४ अंशाला. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतलं उत्तम. अजून जिला जुलाब चालू आहेत तिचं आजच घ्या. यादीत सॅम्पलला "घेतला: हो" एवढं लिहून भागत नाही. कधी घेतला, कशात घेतला आणि कशासाठी पाठवला, तिन्ही हवेत. नाहीतर "कल्चर निगेटिव्ह" हे वाचून कुणीतरी "काही सापडलं नाही" म्हणेल आणि विषय बंद.

---

सुई_धागा (रविवार, संध्याकाळी ६:००)

आमच्या वॉर्डात अशा वेळी सगळीकडे सॅनिटायझरच्या बाटल्या टांगतात. पुरतं ना तेवढं?

---

पीएसएम_काका (रविवार, संध्याकाळी ६:२५)

नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी. उलटीच्या जागी फिनाइल नव्हे, आधी पुसून मग हायपोक्लोराइट, निदान १००० पीपीएम. खाटा सरकवणं आजपासून बंद. आजारी कर्मचारी लक्षणं थांबल्यावर ४८ तास घरी. हे रिपोर्टची वाट न बघता करायचं.

---

निशिगंध_बडोदे (रविवार, रात्री १०:३०)

हे सगळं आजपासून चालू केलं. आता यादीची पहिली ओळ अशी झाली आहे, बघून सांगा:

```
क्र, आयपी_नं, कोण, वय, लिंग, दाखल_वेळ, दाखल_कारण,
सुरुवात_वेळ, किती_पक्की, कुठून_कळलं, सुरुवात_आधी_की_नंतर,
उलटी_24तास, जुलाब_24तास, रक्त, ताप, रेचक_किंवा_फीड, अँटिबायोटिक,
खाट_दोन_दिवस_आधी, खाट_एक_दिवस_आधी, खाट_सुरुवातीला,
सॅम्पल_वेळ, सॅम्पल_कशात, सॅम्पल_कशासाठी, निकाल,
शेवटचं_लक्षण_वेळ, ड्यूटी_आजारात, शेरा
```

व्याख्या अशी लिहिली: ४ ऑक्टोबरपासून या वॉर्डात असलेली, काम केलेली किंवा सोबत राहिलेली व्यक्ती, जिला २४ तासांत ३ किंवा जास्त वेळा नेहमीपेक्षा पातळ जुलाब किंवा २ किंवा जास्त उलट्या झाल्या, आणि त्याला रेचक, नळीचं फीड, केमो असं दुसरं सरळ कारण नाही.

१२ ओळी. ९ रुग्ण, २ कर्मचारी, १ मुलगी. उलटी १२ पैकी ९ जणींना, ताप तिघींना आणि तोही किरकोळ, रक्त कुणालाच नाही. ज्यांचं थांबलं त्यांचं बहुतेकींचं दोन दिवसांत थांबलं.

मेट्रन म्हणतात आयपी नंबरबरोबर नावही हवं, शोधायला सोपं जातं.

---

पीएसएम_काका (रविवार, रात्री ११:०५)

नाव आणि आयपी नंबर जोडणारा कागद तुमच्या कपाटात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, जिल्ह्याला जाणाऱ्या फाइलमध्ये नाव नको. जिल्हा सर्व्हेलन्स युनिटला आजच फोन करा, आयएचआयपी पोर्टलवर भरायला यादी पूर्ण व्हायची वाट बघू नका.

व्याख्येतलं "नेहमीपेक्षा" फार आवडलं. "रेचक" एकाच स्तंभात कोंबू नका असं म्हणणार होतो, पण राहू दे, स्तंभ वाढले की माणसं भरत नाहीत.

अर्ध्याहून जास्त जण उलटीवाले, लक्षणं बहुतेकींची दोन दिवसांत संपतात, साधारण दीड दिवसाने लागण, कल्चरमध्ये काही नाही. पीसीआर येईपर्यंत एवढ्यावर नोरो धरून चालायला हरकत नाही.

खाट १६ मात्र मला खटकते. तिला उलटी आहे?

---

निशिगंध_बडोदे (रविवार, रात्री ११:२०)

नाही. नुसते जुलाब, आज चौथा दिवस, थांबलेले नाहीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सहा दिवस झालं होतं.

---

पीएसएम_काका (रविवार, रात्री ११:३१)

मग ती वेगळी असू शकते. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची तपासणी पाठवा. यादीतून काढू नका, शेऱ्यात लिहा. आणि २१ चं काय? ती तर १३-१४-१५ च्या जवळ नाही. टॉयलेट एकच आहे का?

---

निशिगंध_बडोदे (रविवार, रात्री ११:३८)

दोन आहेत, एक महिनाभर चोकअप, म्हणजे एकच. पण २१ वाली उठत नाही. पॅरालिसिस. बेडपॅन.

---

लॅबवाला_इंदूर (सोमवार, सकाळी ७:२०)

बेडपॅन धुतात कुठे? त्याच टॉयलेटमध्ये ना?

---

एक्सेल_मास्तर (सोमवार, सकाळी ८:१०)

किंवा ती स्टाफ नर्स. बुधवारी संध्याकाळी ६ ला तिला, गुरुवारी पहाटे ५ ला हिला.

---

पीएसएम_काका (सोमवार, सकाळी ८:४०)

अकरा तास. फार लवकर आहे. नर्सकडून तिची लक्षणं सुरू व्हायच्या आधीच्या तासांत लागण झाली म्हणायचं तर ओढाताण होते. बेडपॅन शक्य आहे. सिस्टर, "ड्यूटी_आजारात" हा स्तंभ दोन्ही कर्मचाऱ्यांसमोर काय सांगतो?

---

निशिगंध_बडोदे (सोमवार, रात्री ९:५५)

दोघींनीही "नाही" सांगितलं होतं. पण हजेरीत आयाबेनची मंगळवार सकाळची सही होती.

आज दुपारी त्यांना चहा प्यायला बोलावलं. मेट्रनना आधी विचारून घेतलं की खाडा धरणार नाही, मगच बोलले. कंत्राटातल्या आहेत, एक दिवस घरी म्हणजे एक दिवसाचा पगार नाही. मंगळवारी सकाळी आठला आल्या, दोनदा उलटी झाली, दोन वाजेपर्यंत रेटलं आणि गेल्या. "बेन, कोणाला सांगितलं असतं तर काढून टाकलं असतं."

मंगळवारी त्यांच्याकडे खाट १७ ते २४ होत्या. २१ चं बेडपॅन त्यांनीच दिलं का ते त्यांना नक्की आठवत नाही. दिलं असेल म्हणाल्या. मंगळवार सकाळी ८ ते २ पासून गुरुवार पहाटे ५ पर्यंत मोजलं तर ३९ ते ४५ तास येतात. पण मग १७, १८, २२ ला काहीच का झालं नाही, हे मला कळत नाही.

पीसीआरसाठी तीन कोरडे सॅम्पल काल गेले, निकाल यायचाय. खाट १६ चं क्लॉस्ट्रिडियम आज गेलं. शुक्रवारपासून नवीन ओळ नाही.

२१ च्या ओळीत शेऱ्यात "आयाबेन? बेडपॅन?" असं लिहून ठेवलंय, दोन्ही प्रश्नचिन्हांसकट. आयाबेनच्या ओळीत "नाही" खोडून "हो" केलं, "किती पक्की" मध्ये पक्की, "कुठून कळलं" मध्ये हजेरी आणि स्वतः.

---

ग्वाल्हेरची_माहेरवाशीण (सोमवार, रात्री १०:२०)

ताई, खाट ५ च्या त्या मुलीला घरी लहान मुलं आहेत का, विचारलं का?

---

निशिगंध_बडोदे (सोमवार, रात्री १०:२४)

नाही विचारलं. उद्या सकाळी फोन करते.